स्वागत आणि परिचय: एका माइकवरची दोन वेगळी कामं

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं व्याख्यान. कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते: दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार. पत्रिकेवर वेळ सहाची छापलेली असते आणि वक्त्याच्या हातात माइक येतो तेव्हा पावणेसात झालेले असतात. थोडा वेळ उशिरा सुरू होण्यात गेलेला असतो, पण बराचसा एकच मजकूर तीन-चार तोंडांतून पुन्हा पुन्हा आल्यामुळे जातो. स्वागत करणारे पाहुण्यांच्या पदव्या सांगतात. परिचय करून देणारे त्याच पदव्या पुन्हा सांगतात आणि जाता जाता पाहुण्यांचं आणखी एकदा स्वागतही करतात. मधले सूत्रसंचालक दोघांचा सारांश सांगतात. श्रोत्यांना वाटतं भाषणं लांबली. खरं तर कुणीही फार लांब बोललेलं नसतं, प्रत्येकानं दुसऱ्याचं थोडं थोडं बोललेलं असतं.

हे टाळायचं तर आधी दोन्ही भाषणांची कामं वेगळी करून पाहावी लागतात. स्वागत हे यजमानाचं भाषण आहे. ते घराच्या वतीनं केलेलं असतं आणि आलेल्या सगळ्यांना उद्देशून असतं: पाहुण्यांना, अध्यक्षांना आणि समोर बसलेल्यांनाही. आपण कुठे आलो आहोत, आपल्याला कुणी बोलावलं आणि आज इथे का जमलो, एवढं त्यातून कळायला हवं. परिचय हा मात्र श्रोत्यांना उद्देशून असतो आणि त्याचा विषय एकच माणूस असतो. आता जे बोलणार आहेत त्यांचं या विषयावर का ऐकायचं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर परिचयानं द्यायचं असतं. लग्नात मुलीचे वडील मांडवाच्या दाराशी उभे राहून ‘या, बसा’ म्हणतात आणि आत मध्यस्थ ‘हे मुलाचे मामा, नाशिकला असतात’ अशी ओळख करून देतात. वडिलांनी दारातच सगळ्या मामा-काकांची माहिती सांगायला घेतली तर रांग खोळंबेल. मध्यस्थ प्रत्येकाला ‘या, बसा’ म्हणत राहिला तर ओळख व्हायची राहून जाईल.

प्रास्ताविक या दोघांच्या मध्ये येतं. ते उपक्रमाबद्दल असतं: व्याख्यानमाला कधी सुरू झाली, यंदाचे विषय कसे निवडले, आजचं पुष्प कितवं. मोठ्या कार्यक्रमात ते स्वतंत्र असतं. छोट्या कार्यक्रमात ‘स्वागत व प्रास्ताविक’ असं एकाच माणसाकडे दिलेलं असतं आणि ते योग्यच आहे, कारण दोन्ही यजमानाच्या बाजूनं बोलायची आहेत. परिचय मात्र या जोडीत घालू नये. तो वेगळ्या बाजूनं बोलायचा असतो आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

साहित्य संमेलनातली वाटणी

मराठीत या दोन कामांची जुनी आणि स्पष्ट वाटणी साहित्य संमेलनात दिसते. न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली 1878 साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनापासून ही परंपरा मोजतात. पुढे संमेलन गावोगावी फिरू लागलं तसं यजमान गावाचं वेगळं पद आलं, स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्ष हे गावाचे आणि संमेलनाध्यक्ष हे साहित्याचे. दोघांची भाषणं वेगळी आणि दोघांकडून अपेक्षाही वेगळी.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर आणि स्वागताध्यक्ष होते शरद पवार. या संमेलनात कोण काय बोललं ते बाजूला ठेवू. आपल्यावर या दोनपैकी एक काम आलं असतं तर कागदावर काय लिहिलं असतं, असा विचार करून पाहू.

दिल्लीत मराठी माणसांचं स्वागत करायचं तर बोलण्यासारखं खूप आहे. दिल्लीत यापूर्वीचं संमेलन 1954 साली झालं होतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे 71 वर्षांनी संमेलन परत राजधानीत आलं. ते तालकटोरा स्टेडियमवर भरलं आणि 1737 साली बाजीराव पेशव्यांची फौज दिल्लीवर आली तेव्हा तिचा तळ याच तालकटोऱ्याच्या परिसरात पडला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरचं हे पहिलंच संमेलन. ही सगळी सामग्री जागेची, वेळेची आणि निमित्ताची आहे. अध्यक्षपदी दुसरं कुणी असतं तरी यातलं एक वाक्यही बदलावं लागलं नसतं. स्वागताचा मजकूर ओळखायची ही चांगली खूण आहे.

आता भवाळकरांचा परिचय. लोकसाहित्य आणि लोकसंस्कृतीच्या त्या अभ्यासक आहेत, लोकरंगभूमीवर त्यांचं काम आहे, सांगली ही त्यांची कर्मभूमी. जात्यावरच्या ओव्यांमधून, लोककथांमधून बाईनं स्वतःबद्दल काय सांगून ठेवलं आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. हा मजकूर दिल्लीऐवजी लातुरात किंवा पणजीत सांगितला तरी तसाच राहील. जागा बदलली तरी परिचय बदलत नाही, पाहुणे बदलले तरी स्वागत फारसं बदलत नाही. लिहिलेल्या कागदावरचं एखादं वाक्य कुठलं आहे याचा संशय आला तर याच कसोटीवर ते घासून पाहावं. बाजीरावांचा तळ परिचयात आला, तर परिचय करून देणाऱ्यानं स्वागताध्यक्षांचं भाषण उचललं. ओव्यांचा अभ्यास स्वागतात आला, तर स्वागताध्यक्षांनी परिचयातला गाभा आधीच वापरून टाकला.

जुन्या सभांमधली एक रीत इथे सांगायला हवी, कारण ती अजून पुष्कळ ठिकाणी जिवंत आहे. सभेच्या सुरुवातीला अध्यक्षपदाची सूचना मांडली जाते आणि दुसरं कुणी तिला अनुमोदन देतं. सूचना मांडणारा ‘अमुक यांनी हे स्थान स्वीकारावं’ असं म्हणताना त्या व्यक्तीची योग्यता दोन वाक्यांत सांगतो. म्हणजे अध्यक्षांचा परिचय तिथेच झालेला असतो. अशा सभेत पुढे ‘अध्यक्षांचा परिचय’ असा वेगळा मुद्दा ठेवला, तर तोच मजकूर दुसऱ्यांदा येणार हे ठरलेलंच. सूचना-अनुमोदन ठेवायचं असेल तर परिचय फक्त वक्त्यांचा करावा.

एक कार्यक्रम कागदावर मांडून पाहू

आता संमेलनापासून परत वाचनालयाकडे येऊ. समजा, जूनमधलं व्याख्यान आहे. विषय सर्पदंश आणि प्रथमोपचार. वक्त्या ग्रामीण रुग्णालयातल्या फिजिशियन आहेत. स्वागत वाचनालयाचे कार्यवाह करणार आहेत आणि परिचय हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई. डॉक्टरांनी बायोडेटा पाठवला आहे, दीड पानाचा. त्यात शिक्षण, नोकरीच्या तारखा, परिषदा, शोधनिबंध, तीन पुरस्कार, दोन समित्यांवरची नेमणूक, असं सगळं आहे.

नेहमी काय घडतं? तो बायोडेटा व्हॉट्सॲपवर दोघांनाही गेलेला असतो. कार्यवाह स्वागतातच म्हणतात, ‘डॉक्टरांनी एमबीबीएस, एमडी केलं असून त्यांना अमुक पुरस्कार मिळाला आहे.’ पाठोपाठ बाई उभ्या राहतात. हातात तोच बायोडेटा, त्यातलं सगळ्यात मोठं ते आधीच सांगून झालेलं. मग त्या उरलेलं वाचतात: परिषदांची नावं, समित्यांची नावं. त्यानं पान भरत नाही म्हणून त्या विषयाकडे वळतात. ‘साप चावला की घाबरू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. मण्यारीचा चावा तर कळतही नाही, खूणसुद्धा दिसत नाही...’

बाईंचा हेतू चांगलाच होता आणि माहितीही बरोबर होती. पण ती माहिती डॉक्टरांची होती. सर्पदंशावर बोलणारा डॉक्टर पुष्कळदा एखाद्या रुग्णापासून सुरुवात करतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. अंगावर चाव्याची खूण दिसत नाही, घरच्यांना वाटतं अपचन झालं, आणि तासाभरात त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागतात. श्रोते विचार करू लागतात की याला झालं तरी काय. तेव्हा डॉक्टर सांगतो, मण्यार. परिचयात मण्यार येऊन गेली की या गोष्टीतलं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग डॉक्टर माइकवर येऊन म्हणतात, ‘बाईंनी सांगितलंच आहे, तरी मी पुन्हा सांगते.’ हे वाक्य ऐकू आलं की ओळखावं, परिचयानं हद्द ओलांडली आहे.

म्हणून विषयाच्या बाबतीत वाटणी अशी ठेवावी. हा विषय आज, या गावात का, हे स्वागतात किंवा प्रास्ताविकात सांगायचं. या विषयावर ह्याच का, हे परिचयात सांगायचं. विषयात काय आहे ते दोघांनीही सांगायचं नाही. ते वक्त्याचं आहे.

या वाटणीनुसार कार्यवाहांचं स्वागत असं होईल:

‘नमस्कार. सभाध्यक्ष, डॉक्टर, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर आणि समोर बसलेले आपण सगळे, वाचनालयाच्या वतीनं आपलं स्वागत करतो. डॉक्टर, दिवसभराची ओपीडी आटोपून, पावसातून आपण आमच्या गावी आलात, आम्हाला फार बरं वाटलं. आमच्या वाचनालयात सूचनांची एक वही आहे. मागच्या पावसाळ्यानंतर त्या वहीत एका सभासदानं लिहिलं, सर्पदंशावर कुणाला तरी बोलवा. त्याखाली आणखी काही जणांनी सह्या केल्या. आता पेरण्या सुरू झाल्यात, रात्री-अपरात्री माणसं शेतात असतात. म्हणून यंदाच्या मालेतलं पहिलं पुष्प या विषयाला दिलं. आज समोर आशाताई आहेत, वरच्या वाडीवरून आलेले शेतकरी आहेत, दहावीची मुलं आहेत. सगळ्यांचं स्वागत. व्याख्यान तासभर चालेल, नंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं आहेत.’

यात डॉक्टरांची एकही पदवी नाही. तरी त्यांचा मान कुठे कमी झाला असं वाटत नाही. उलट त्या पावसातून आल्या याची घरानं दखल घेतली, आणि ही दखल फक्त यजमानच घेऊ शकतो. समोर कोण बसलं आहे तेही त्यात आलं. पुष्कळ स्वागतांत श्रोत्यांच्या वाट्याला शेवटचे दोन शब्द येतात, ‘रसिक श्रोतेहो’. पण वरच्या वाडीवरची माणसं आली आहेत हे ऐकल्यावर वक्त्याला आपण कुणाशी बोलणार आहोत ते कळतं, आणि कदाचित तो उदाहरणंही बदलतो. म्हणून स्वागताचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता बाईंचा परिचय:

‘साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात आणेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळेबद्दल आज आपण ऐकणार आहोत. हा वेळ ज्यांनी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे दवाखान्याच्या दारात उभं राहून पाहिला आहे, त्या आज आपल्याशी बोलतील. त्या फिजिशियन आहेत. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी ग्रामीण रुग्णालयातली नोकरी निवडली आणि आजपर्यंत तिथेच आहेत. पावसाळ्यातल्या रात्रपाळ्यांत त्यांनी सर्पदंशाचे रुग्ण पाहिले. पुष्कळसे रुग्ण उशिरा पोचतात हे लक्षात आल्यावर त्यांनी आशाताईंसाठी प्रशिक्षण तयार केलं आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन त्या ते स्वतः घेतात. या कामासाठी त्यांना पुरस्कारही मिळाला आहे. आपण ऐकू या...’

आणि मग नाव. परिचयात पूर्ण नाव शेवटी घेतलेलं चांगलं. ते ऐकताच वक्त्याला उठायचं कळतं आणि श्रोत्यांना टाळ्या वाजवायचं कळतं. नाव घेतल्यानंतर परिचय करून देणाऱ्यानं आणखी एक वाक्य जोडलं की अर्धवट उठलेला वक्ता परत बसतो, टाळ्या थांबतात आणि सगळी लय बिघडते.

दीड पानातून किती थोडं उरलं ते पाहा. परिषदा गेल्या, समित्या गेल्या, तीनपैकी एकच पुरस्कार राहिला, कारण तो एकच आजच्या विषयाशी जोडलेला होता. बायोडेटा नेमणुकीसाठी लिहिलेला असतो. त्यात माणसानं केलेलं सगळं असतं. परिचयाला फक्त आजच्या संध्याकाळपुरतं हवं असतं. याच डॉक्टर उद्या कवितावाचनाला आल्या तर परिचय पूर्ण वेगळा होईल, रुग्णालय एका वाक्यात आटपेल.

शब्द कुणाच्या तोंडचे

दोन्ही कागद वाचताना एक फरक चटकन नजरेत भरतो. कार्यवाह डॉक्टरांशी बोलत होते: ‘आपण आलात’. बाई डॉक्टरांबद्दल बोलत होत्या: ‘त्या घेतात’. कार्यवाहांचं ‘आम्ही’ म्हणजे वाचनालय. बाईंचं ‘आपण’ म्हणजे त्या स्वतः आणि समोरचे सगळे, कारण परिचय करून देणारा माणूस त्या दोन मिनिटांपुरता श्रोत्यांच्या बाजूला असतो. परिचयात ‘आम्ही आपले आभारी आहोत, आपण वेळात वेळ काढून आलात’ असं वाक्य आलं तर बोलणारा यजमानाच्या खुर्चीत जाऊन बसला असं समजावं. ते वाक्य खोडावं. स्वागतात ‘त्यांनी अमुक साली तमुक केलं’ अशी वाक्यं सुरू झाली तर तिथे परिचय सुरू झाला. तेही खोडावं.

‘परिचयाची गरज नसलेलं नाव’ हे वाक्यही असंच सोडून द्यावं. गरज नसेल तर परिचय एका वाक्यात संपवावा, आणि गरज असेल तर ते वाक्य खोटं ठरतं. खरोखर सगळ्यांच्या ओळखीचा पाहुणा असेल तर परिचयात त्याची कारकीर्द सांगू नये, ती लोकांना पाठ असते. आजच्या विषयाशी त्याचा जो कमी माहीत असलेला संबंध आहे तेवढा सांगावा. प्रसिद्ध गायक वृक्षतोडीवर बोलायला आला असेल तर त्याच्या मैफली सोडून त्यानं लावलेल्या झाडांबद्दल सांगावं.

स्तुतीचंही असंच आहे. ‘थोर’, ‘व्यासंगी’, ‘ऋषितुल्य’ ही विशेषणं स्वागतात आली की परिचयात त्याहून मोठी शोधावी लागतात, आणि आभार मानणाऱ्यासाठी तर काहीच उरत नाही. तपशील सांगितला की विशेषण लागत नाही. ‘वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रशिक्षण घेतात’ एवढं ऐकल्यावर ‘सेवाभावी’ वेगळं म्हणायची गरज पडत नाही. शिवाय मोठमोठ्या विशेषणांनी वक्त्याची पंचाईत होते. नम्रपणे ती नाकारण्यात त्याची पहिली काही मिनिटं जातात आणि श्रोत्यांचं लक्ष विषयाऐवजी त्या नम्रतेकडे जातं.

मान्यवरांची नावं

पुनरुक्तीत सगळ्यात जास्त वेळ व्यासपीठावरच्या नावांनी जातो, आणि हा भाग नाजूक आहे. नाव राहिलं तर माणूस दुखावतो, म्हणून प्रत्येक जण सगळी नावं घेतो. व्यासपीठावर सात जण आहेत असं धरू. पद, उपाधी आणि नाव मिळून एकेकाला सात-आठ सेकंद, म्हणजे सगळ्यांचं मिळून जवळजवळ एक मिनिट. सूत्रसंचालक, स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि आभार अशा पाच जणांनी हीच यादी म्हटली की पाच मिनिटं गेली. परिचयाला मुळात दोन-अडीच मिनिटं पुरतात. म्हणजे नुसत्या नावांत दोन परिचय बसतील एवढा वेळ संपतो.

नावं एकदाच, सगळी, पदासह आणि क्रमानं स्वागतात घ्यावीत, कारण तो यजमानाचा मान देण्याचा क्षण आहे. पुष्पगुच्छ किंवा शाल-श्रीफळ देताना सूत्रसंचालक नावं घेणारच असतील, तर स्वागतात ती पुन्हा नकोत. वरच्या नमुन्यात म्हणूनच ‘व्यासपीठावरचे सर्व मान्यवर’ एवढंच आहे. नंतरच्या सगळ्यांनी ‘सभाध्यक्ष, मान्यवर आणि मित्रहो’ एवढ्यावर भागवावं. हे आधी एकत्र बसून ठरवावं आणि अध्यक्षांच्या कानावरही घालावं. कुणी ठरवलं नाही तर माइकसमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस भीतीपोटी यादी वाचणारच, त्याला दोष देता येत नाही.

देणगीदारांबद्दल एक गोष्ट. सभागृह कुणी दिलं, चहा कुणाकडून, माइक कुणाचा, हे आभारात सांगायचं असतं. स्वागतात ते आलं की आभार मानणारा तेच सगळं पुन्हा म्हणतो, आणि तोवर निम्मे लोक चपला शोधत असतात.

एकच माणूस दोन्ही करणार असेल तर

गृहनिर्माण सोसायटीत, महिला मंडळात किंवा परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात माणसं कमी असतात. एकाच व्यक्तीवर स्वागत, परिचय आणि सूत्रसंचालन येतं. तेव्हा मजकुराची पुनरुक्ती कमी होते, पण दोन्ही कामं एकमेकांत मिसळायची भीती वाढते. स्वागत चालू असतानाच पाहुण्यांचं नाव येतं, नावामागून त्यांचं काम येतं, मग आठवतं की सोसायटीच्या नव्या सभासदांचं स्वागत करायचं राहिलं, म्हणून मागे वळावं लागतं. अशा वेळी दोन्हींच्या मध्ये काही तरी वेगळं घडू द्यावं: दीपप्रज्वलन, एखादं गीत किंवा नुसता पुष्पगुच्छ. स्वागत झालं, गुच्छ दिला, टाळ्या झाल्या, मग त्याच माणसानं परत येऊन परिचय करून दिला, तर ऐकणाऱ्याला दोन टप्पे स्पष्ट कळतात. क्रमही हाच ठेवावा. परिचय संपल्यावर लगेच वक्त्यानं बोलायला हवं. मध्ये स्वागत, सत्कार किंवा सूचना आल्या की परिचयानं जागवलेली उत्सुकता निघून जाते आणि मग सूत्रसंचालकाला ‘तर मघाशी आपण ज्यांचा परिचय ऐकला’ असं म्हणत तो पुन्हा थोडासा करावा लागतो.

काही प्रसंगी यांतलं एक काम नसतंच. शोकसभेत कुणाचं स्वागत करत नाहीत. तिथे सभेचं निमित्त सांगणारी प्रास्ताविकाची दोन वाक्यं पुरतात, आणि बोलायला उठणाऱ्याची ओळख दिवंगत व्यक्तीशी त्याचं नातं काय होतं एवढीच द्यायची असते. शाळेच्या पालकसभेत उलट असतं. मुख्याध्यापकांना सगळे ओळखतात, तिथे स्वागत पुरतं, परिचय नको.

परिचय लिहायला बसण्याआधी वक्त्याला एक फोन करावा. बायोडेटात नसलेल्या तीन गोष्टी त्यात विचाराव्यात. पहिली, नाव कसं घ्यायचं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि माणूस वापरतो ते नाव पुष्कळदा वेगळं असतं. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत आयोजक स्वतःच्या मनानं ‘सौ.’ लावतात आणि नवऱ्याचं नाव मधे घालतात. त्या बाई आयुष्यभर माहेरच्या आडनावानं लिहीत आल्या असतील तर परिचयाची सुरुवातच चुकते. आडनावाचा उच्चारही फोनवरच ऐकून घ्यावा. दुसरी गोष्ट, व्याख्यानाची सुरुवात तुम्ही कशानं करणार. एवढं कळलं की मण्यारीची गोष्ट परिचयात येत नाही. तिसरी, तुमच्या कामातलं काय सांगितलेलं आवडेल आणि काय नको. पुष्कळ वक्ते म्हणतात, जुने पुरस्कार नका सांगू, आत्ता चालू आहे ते सांगा. तसंच करावं.

नंतर स्वागत करणाऱ्यानं आणि परिचय करून देणाऱ्यानं आदल्या संध्याकाळी आपापले कागद एकमेकांना वाचून दाखवावेत, शक्यतो मोठ्यानं. सभेत माणूस सावकाश बोलतो, मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द. म्हणून परिचय अडीचशे-तीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये, स्वागतही तेवढंच ठेवावं. दोन्ही कागदांत येणारी प्रत्येक गोष्ट पेन्सिलनं अधोरेखित करावी. पाहुण्यांविषयीची असेल तर स्वागतातून खोडावी, गावाविषयीची किंवा संस्थेविषयीची असेल तर परिचयातून. विषयाविषयीची असेल तर दोन्हींतून खोडावी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवावी.